चाळणीतून निसटलेला लिटर

ऑफिसात तिला सगळे ‘चाळण’ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट एखादा नवा संशोधक अहवाल घेऊन आला आणि घाबरत घाबरत विचारू लागला, “चाळणबाई आपणच का?” तर ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणे, “मीच. ठेवा इथे. खडे किती आहेत ते दुपारी सांगते.”

संस्था छोटी होती. तळी, नद्या, माळरानं, खारफुटीची जंगलं यांची पाहणी करायची आणि सरकारी खात्यांना अहवाल द्यायचे, हे तिचं काम. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून, चाळणबाईचं टेबल. तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही अहवाल इमारतीबाहेर पडत नसे. विज्ञानाची पदवी तिच्याकडे होती, पण चिखलात पाय घालायची हौस नव्हती. ती हौस सगळी तिच्या ताईच्या वाट्याला गेली होती.

चाळणबाईचे खडे ठरलेले असत. जिवाचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द कुळीचा, त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. दुसरा शब्द जातीचा, तो सगळा लहान लिपीत. आणि दोन्ही तिरक्या टाइपात. लोक दुसऱ्या शब्दालाही मोठं अक्षर देत. जात नक्की ओळखता आली नाही तर पुढे ‘एसपी’ लिहितात, ते सरळ टाइपात हवं. लोक भरात तेही तिरकं करून टाकत. घराण्याचं नाव सरळ, नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नावही सरळ. हेक्टरचा एच मोठा केलेला दिसला की ती उसासा टाकायची. आकडा आणि एकक यांच्यात जागा सोडलेली नसली की म्हणायची, “अरे, श्वास घेऊ दे की त्याला.”

पण तिचा खरा राग दशांशांवर. कुणी पंचाहत्तर झाडांची उंची डोळ्याच्या अंदाजाने मोजायची आणि सरासरी लिहायची ‘अकरा पूर्णांक तीन आठ सहा सात मीटर’. चाळणबाई त्या माणसाला बोलावून घेई.

“हा शेवटचा सात कुठून आणलास?”

“गणकयंत्राने दिला, बाई.”

“गणकयंत्र झाडावर चढलं होतं का? तू अंदाज केलास जवळच्या मीटरचा. मग अकरा लिही आणि गप्प बस. जे मोजलंच नाही ते लिहिणं म्हणजे थाप.”

हे वाक्य तिचं नव्हतं. ते ताईचं होतं.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्याच संस्थेत पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची तज्ज्ञ. दोघी एकाच घरात राहत. ताईने लग्न केलं नाही. चाळणबाईचं झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती ताईकडे आली ती कायमचीच. आई गेल्यावर धाकटीला शिकवलं ताईने, पदवीला बसवलं ताईने, आणि नोकरीला चिकटवलं तेही ताईनेच. लहानपणी गणितात ‘उत्तर : पाच’ एवढंच लिहिलं की ताई वहीवर टिचकी मारायची. “पाच काय? पाच माकडं? एककाशिवाय आकडा म्हणजे आडनावाशिवाय पत्र. पोचायचं कुणाकडे?”

शहराला पाणी पुरवणाऱ्या एका जलाशयाची पाहणी संस्थेकडे आली होती. पाण्यावर हिरवा तवंग धरू लागला होता. तो तवंग धरणारा सूक्ष्म जीव, मायक्रोसिस्टिस एरुजिनोसा, विष सोडू शकतो. म्हणून पाणीखात्याने ठरावीक काळाने मोजणी मागवली होती, आणि करारात धोक्याची रेघ आखून दिली होती : एका मिलिलिटरमध्ये वीस हजार पेशी. त्याच्या वर गेलं की तिथून पाणी उचलणं थांबवायचं. काम अर्थातच ताईकडे आलं. या विषयात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता.

पहिला अहवाल आला तेव्हा चाळणबाईला हसूच आलं. ताईने जातीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं केलं होतं. एकदा नाही, सगळीकडे.

“ताई, एरुजिनोसाला टोपी घातलीस?” तिने जेवताना विचारलं.

“काय?”

“मोठं अक्षर गं.”

“मी? शक्यच नाही. तुझ्या त्या यंत्राने केलं असेल.”

असेल, म्हणून चाळणबाईने दुरुस्त केलं. आणखीही बारीकसारीक होतं. पहिल्या उल्लेखानंतर कुळीचं नाव आद्याक्षराने लिहायची रीत आहे. पण याच अहवालात मेरिस्मोपेडिया नावाचा दुसरा जीवही होता, त्याचंही आद्याक्षर एमच. ताईने दोघांनाही नुसतं ‘एम’ लिहिलं होतं. कुठला विषाचा संशयित आणि कुठला नाही, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? असं आद्याक्षर सारखं पडलं की दोन्ही नावं पूर्ण लिहायची, हे ताईनेच तिला शिकवलं होतं. चाळणबाईने पूर्ण लिहिली. पेशींची संख्या होती एकतीस हजार प्रति लिटर. आकडा नीट पूर्ण केलेला, एकक बिनचूक घडणीचं, मध्ये जागा सोडलेली. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. अहवाल गेला. एका लिटरला एकतीस हजार म्हणजे मिलिलिटरला एकतीस. खात्याने बघितलं, रेघेच्या कितीतरी खाली, आणि पाणी चालू ठेवलं.

त्यानंतर घरात काही काही दिसू लागलं. ताई गॅस चालू करून विसरायची, त्याचं काय, कोण विसरत नाही? पण एकदा ती प्रयोगशाळेतून घरी यायला निघाली आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसली. फोन करून चिडून म्हणाली, “रस्ते खोदून ठेवलेत मेल्यांनी, काही ओळखू येत नाही.” एकदा सेक्की चकतीची नोंद आली. पाण्यात सोडायची पांढरी-काळी चकती. ती जिथे दिसेनाशी होते, तेवढी पाण्याची पारदर्शकता. ताईने लिहिलं होतं चाळीस मीटर. जलाशय सगळ्यात खोल जागी अठरा मीटर. चाळणबाईने ‘चाळीस सेंटिमीटर’ ओळखून गुपचूप शून्य पूर्णांक चार मीटर केलं. ताईला विचारलं नाही. दमते आजकाल, असं स्वतःला सांगितलं आणि मूग गिळले. शिवाय आपण आहोतच की. चाळण कशाला असते?

हळूहळू तिचा एक नेमच झाला. ताईचं लिखाण आलं की ते सगळ्यात आधी घ्यायचं, दार लोटायचं आणि दुसऱ्या कुणी बघायच्या आत साफ करायचं. मायक्रोसिस्टिसची संख्या एकदा ‘चौऱ्याऐंशी हजार एकशे पन्नास पूर्णांक तीन सात’ अशी आली. पेशीचे दशांश! जी बाई अर्ध्या माणसाची सरासरी लिहिणाऱ्याला फाडून खायची, तिने पेशीचे शंभर तुकडे केले होते. चाळणबाईने लाल पेन उचललं. सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीच्या काचपट्टीवरच्या खाचेतल्या काही चौकटी मोजून, त्याही जीव पुंजक्याने राहणारा म्हणून पुंजक्यातल्या पेशी अंदाजाने धरून काढलेली ही संख्या. दोन सार्थ अंकांपलीकडे तिला भरवसा नाही. तिने लिहिलं : चौऱ्याऐंशी हजार. पुढे ताईच्या अक्षरात होतं, ‘प्रति लिटर’. ते तसंच राहिलं.

हा दुसरा अहवाल. तो दुसऱ्या दिवशी खात्याकडे जायचा होता.

चाळणबाईने सगळं नीट लावलं आणि रिवाजाप्रमाणे शेवटचं एकदा, लाल पेन बाजूला ठेवून, नुसतं वाचायला घेतलं. पारदर्शकता शून्य पूर्णांक चार मीटर. वर्णनात लिहिलेलं, पाणी वाटाण्याच्या सालीसारखं हिरवं, काठाला साय धरलेली. पेशी चौऱ्याऐंशी हजार प्रति लिटर.

तिने मनातल्या मनात हजाराने भागलं. म्हणजे मिलिलिटरला चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशी पेशींनी पाणी हिरवं होत नाही. चौऱ्याऐंशी पेशी असलेलं पाणी पेल्यात धरलं तर आरपार वर्तमानपत्र वाचता येईल. ती चकती हातभर खोलीवर दिसेनाशी झाली ती मग कशामुळे?

मोजायची खाच एका मिलिलिटरची असते. तिच्यात एक हजार चौकटी. वीस चौकटी मोजायच्या, सरासरी काढायची, हजाराने गुणायचं, की मिलिलिटरचा आकडा मिळतो. लिटरचा हवा तर पुन्हा हजाराने गुणायचं. ताईने पहिला गुणाकार केला होता आणि दुसऱ्याचं एकक लिहिलं होतं. अहवालात व्याकरणाची, टाइपाची, दशांशाची एकही चूक उरलेली नव्हती. होती ती हजारपटीची होती, आणि ती इतकी नीटनेटकी बसली होती की चाळणीच्या छिद्रातून अलगद खाली गेली असती.

मग तिला पहिला अहवाल आठवला. एकतीस हजार प्रति लिटर.

ती उठली आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. प्रयोगशाळेत एक सहकारी होता, सूक्ष्मदर्शकाशी आयुष्य काढलेला; त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. नमुन्यांचं पाणी आयोडीन घालून तपकिरी बाटल्यांत जपून ठेवलेलं असे.

“भिंगदादा, जलाशयाच्या दोन्ही फेऱ्यांच्या बाटल्या आहेत?”

“आहेत. का?”

“परत मोजाल? आणि ताईला सांगू नका.”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कपाटातून बाटल्या काढल्या. बराच वेळ तो वाकून बसला, बोटाने गणकाची कळ दाबत. चाळणबाई खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, ती पुन्हापुन्हा निसटत होती.

“दुसरी फेरी,” भिंग म्हणाला, “ऐंशीच्या आसपास. हजार. मिलिलिटरला.” मग थांबून, “पहिली तीस. तीही मिलिलिटरला.”

“नक्की?”

“पाच-दहा हजार इकडेतिकडे धरा. पण लिटरला नाही. लिटरला असते तर मला खाचेत शोधत बसावं लागलं असतं.” त्याने डोळे चोळले. “बाई, पहिला तर गेला ना?”

“गेला.”

रेघ वीस हजारांची होती. म्हणजे पहिल्या फेरीलाच पाणी थांबायला हवं होतं. तेव्हापासून ते अर्ध्या शहराच्या नळांना येत होतं. मधल्या काळात जलाशयाच्या पलीकडच्या काठावर पाणी प्यायलेली बरीच जनावरं मेली होती. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या आणि कुणीतरी ‘साथ’ म्हटलं होतं. दवाखान्यांत उलट्या-जुलाबांची गर्दी होती, ती दर वर्षी त्या दिवसांत असतेच. त्यातलं किती या पाण्याचं आणि किती दुसऱ्या कशाचं, हे नंतरही कुणाला सांगता आलं नाही. चाळणबाईला मात्र त्या चार ओळी तोंडपाठ होत्या.

संचालक भला माणूस होता. त्याने आधी खात्याला फोन लावला आणि पाणी थांबवायला सांगितलं. मग दार लावून घेतलं.

“लेखी दुरुस्ती आजच पाठवावी लागेल,” तो म्हणाला. “कारण द्यावं लागेल. मी म्हणतो, टंकनदोष लिहूया. मिलिलिटरचा लिटर झाला. होतं असं.”

“टंकनदोष म्हणजे माझा दोष.”

“हो. तुमच्यावर येईल. पण तुमचं काय होईल? एक ठपका, दोन दिवस चर्चा. ताईंचं मात्र उभ्या जन्माचं नाव आहे. त्यांना कळायच्या आत मिटेल.”

चाळणबाईने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिला ते हवंही होतं. ताईने तिच्यासाठी काय केलं नव्हतं? एक ठपका म्हणजे काही फार नव्हे. ती आनंदाने तो कपाळाला लावून घेणार होती. ‘चालेल’ हा शब्द ओठांवर आला होता.

“साहेब,” ती म्हणाली, “टंकनदोष लिहिला तर बाकीचे अहवाल कोण उघडणार?”

“कुठले बाकीचे?”

“ताईचे. गेल्या दोन वर्षांचे. अलीकडच्यांत मी नावं सरळ करत होते, दशांश कापत होते. मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय. पण मी फक्त वरचा केर काढत होते. खाली काय आहे, मला माहीत नाही. दुसऱ्या तळ्यांचं पाणीही लोक पितातच. मोजणीतली चूक लिहा. आणि तपासणारीनेही चूक सोडली, तेही लिहा. पण टंकनदोष नको.”

संचालकाने पेनाला टोपण घातलं. मग म्हणाला, “तुम्हीच सांगाल त्यांना? की मी?”

“मीच.”

ताई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. चाळणबाईने समोर बसून सगळं सांगितलं. आकडा, एकक, बाटल्या, भिंगाची मोजणी. ताई शांतपणे ऐकत होती. एखाद्या विद्यार्थ्याचं चुकीचं उत्तर शेवटपर्यंत ऐकावं तशी.

“मी मिलिलिटरच लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“नाही, ताई.”

“मी तीस वर्षं मिलिलिटर लिहितेय. तू बदललंस. तुला कधीच खाचेतलं काही कळलं नाही, तुला फक्त टाइप कळतो.”

“भिंगदादांनी परत मोजलं गं...”

“म्हणजे त्याला आधी सांगितलंस. साहेबांना आधी सांगितलंस. सगळ्या गावाला सांगून झालं, आणि मग आलीस होय मला सांगायला?” लसणाची पाकळी तिच्या बोटांतून खाली पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, आपण कशासाठी वाकलो हे आठवत नसल्यासारखी. मग सरळ होऊन हळू आवाजात म्हणाली, “तुला वहीत एकक लिहायला मी शिकवलं. आणि तू मला विकलंस.”

चाळणबाईने खाली पडलेली पाकळी उचलून ताटलीत ठेवली.

पुढचं सगळं मग भराभर झालं. खात्याने चौकशी नेमली. ताईला कामावरून थांबवलं. निरोपसमारंभ झाला नाही, ताईनेच नको म्हणून सांगितलं. जुने अहवाल उघडले, शिल्लक बाटल्या पुन्हा मोजल्या. बहुतेक बरोबर निघाले. काही चुकले होते. त्यातले दोन असे, की पाण्यात धोका असताना नाही म्हटलेलं. दुरुस्त्या गेल्या. त्या दोन ठिकाणचं पाणी थांबलं. त्याबद्दल चाळणबाईला कुणी शाबासकी दिली नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही. तिच्या नोंदीत ठपका पडला. टेबल तेच राहिलं, पण ऑफिसात आता तिला चाळण म्हणायला लोक कचरू लागले. नवे आलेले नुसतं ‘बाई’ म्हणत.

डॉक्टरांनी ताईला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल अगदी सुबक काढला, आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीने लिहिले. डॉक्टर म्हणाले, हे बरंच आधी सुरू झालं असणार, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? चाळणबाई म्हणाली, “आलं होतं.”

ताई तिच्याशी बोलत नसे. जेवण समोर ठेवलं तर जेवे, औषध दिलं तर घेई, पण शब्द नाही. शेजारणीशी बोले, दूधवाल्याशी बोले, भिंग भेटायला आला की त्याच्याशी तासन्‌तास बोले. जुन्या तळ्यांच्या, बुडालेल्या होड्यांच्या गोष्टी. धाकटी खोलीत आली की ओठ मिटत.

चाळणबाईला वाटे, विसरेल. सगळं विसरत चालली आहे, तर हेही विसरेल. आणि खरंच, ताई विसरली. जलाशय विसरली, चौकशी विसरली, संचालकाचं नाव विसरली. एकदा भिंगाने सहज विचारलं, “ताई, धाकटीवर एवढा राग कसला हो?” ताईने खूप आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. “काहीतरी केलंय तिने,” ती म्हणाली. “मोठं आहे. मला आता सांगता येत नाही.”

का बोलायचं नाही ते तिच्यातून पुसून गेलं. बोलायचं नाही, एवढं मात्र शेवटपर्यंत राहिलं.

आता सकाळी ऑफिसला जाण्याआधी चाळणबाई ताईला न्हाऊ घालते. केस विंचरते, स्वेटरची बटणं लावते, सांभाळायला येणाऱ्या बाईला दुपारच्या गोळ्या समजावून देते. “ही अर्धी. पाच मिलिग्रॅम. आणि ही अख्खी.” ताई भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. दाराशी पोचल्यावर चाळणबाई रोज म्हणते, “ताई, येते गं.” आणि क्षणभर थांबते. मग चपला घालून जिना उतरते.